२१०० लीप वर्ष नाही: तारखांच्या हिशोबात या चुका टाळा

‘चारने भाग गेला की लीप वर्ष’ हा नियम १९०१ ते २०९९ या काळात एकदाही चुकत नाही, म्हणून तो पुरेसा वाटतो. २००० सालीही तो बरोबर ठरला, पण ते साल ४०० ने भाग जाणारं होतं म्हणून. १७००, १८००, १९०० लीप नव्हती आणि २१०० ही नसेल.

पृथ्वीचं ऋतुवर्ष साधारण ३६५.२४२२ दिवसांचं आहे. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला की सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे वर्षाला सुमारे ११ मिनिटं जास्त. ती साचत जाऊन १२८ वर्षांत एक दिवस होतो. त्यामुळे ४०० वर्षांतून तीन लीप दिवस गाळले जातात. प्रोग्राममध्ये अट पूर्ण लिहा:

```
y % 4 == 0 and (y % 100 != 0 or y % 400 == 0)
```

२९ फेब्रुवारीच्या वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला ‘दर चार वर्षांनी’ अशी आठवण लावली, तर २०९६ नंतर ती २१०० मध्ये नसलेल्या तारखेवर जाते. काही प्रणाली अशी तारीख गुपचूप १ मार्च करून टाकतात. खरी पुढची २९ फेब्रुवारी आहे २१०४ मध्ये, तब्बल आठ वर्षांनी.

तारीख ठरलेल्या सुट्ट्यांची तारीख हलत नाही, वार मात्र फसवतो. २८ वर्षांनी तेच वार परत येतात, या आडाख्याने २५ डिसेंबर २०७२ चा रविवार २१०० मध्येही रविवारच यायला हवा. प्रत्यक्षात त्या दिवशी शनिवार आहे, कारण मधला एक लीप दिवस गळलेला आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जुन्या तारखा बदलताना. ज्युलियन दिनदर्शिकेत शतकाची वर्षंही लीपच असतात, त्यामुळे तिच्यात आणि आपल्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेत आज १३ दिवसांचा फरक आहे. हाच १३ चा आकडा सरसकट कुठल्याही शतकाला लावणं चूक. रशियात १९१८ पर्यंत ज्युलियन पद्धत होती. कवी पुश्किनचा जन्म तिथल्या नोंदीनुसार २६ मे १७९९ चा. अठराव्या शतकातला फरक ११ दिवसांचा, म्हणून जयंती ६ जूनला येते. १३ मिळवले तर ८ जून येईल. १८०० नंतर फरक १२ झाला, १९०० नंतर १३. हा बदल १ जानेवारीला होत नाही, ज्युलियन २९ फेब्रुवारी उलटल्यावर होतो. म्हणून ज्युलियन १० फेब्रुवारी १९०० म्हणजे २२ फेब्रुवारी, २३ नव्हे.

२१०० मध्ये फरक १४ होईल. ज्युलियन २५ डिसेंबर पाळणाऱ्या रशियन चर्चचा नाताळ आज ७ जानेवारीला येतो. हीच पद्धत तेव्हाही चालू असली, तर २१०१ पासून तो ८ जानेवारीला येईल.