मशीनमधून काढलेल्या बुटाचा सोल सुटला तेव्हा

परभणीची काळी माती पावसात बुटाला अशी धरते की निघता निघत नाही. म्हणून लेकाचे जाळीचे बूट मी मशीनमध्ये गरम पाण्यावर फिरवले आणि गच्चीवर उन्हात टाकले. दुसऱ्या दिवशी पंज्यापाशी सोल सुटून नखभर फट पडलेली.

दोष नुसत्या पाण्याचा नव्हता. उष्णतेनं सोलचा गोंद मऊ पडतो, आणि ड्रममध्ये आपटताना बूट पंज्यातच वाकतो. शिलाईचा सोल जास्त तग धरतो.

फट पूर्ण वाळवली, जुना गोंद खरवडला, दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ थर दिला. दहा मिनिटांनी ते बोटाला लागेनासं झाल्यावर घट्ट दाबलं आणि सुतळीनं आवळून 24 तास ठेवलं. अजून टिकलंय.

आता चिखल आधी वाळू देते. ओला घासला तर जाळीत आणखी आत शिरतो. कोरड्या ब्रशनं झाडून, कोमट पाणी, थोडा लिक्विड साबण, जुना टूथब्रश. कॅनव्हासवर साबण राहिला तर पिवळे डाग पडतात, म्हणून ओल्या फडक्यानं दोनदा पुसते. मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत पंख्याखाली. बोळे ओले झाले की बदलायचे, आकार त्यांच्यामुळेच राहतो.