अक्षरी रक्कम: आधी अक्षरे, मग आकडे

‘रक्कम आकड्यात लिहा, शेजारी अक्षरात लिहा, म्हणजे भानगड होत नाही,’ हा सल्ला प्रत्येक जण देतो आणि तो अर्धाच असतो. मी इंदुरात बरीच वर्षे बयान्याच्या चिठ्ठ्या, हातउसन्याच्या पावत्या आणि भावाभावांच्या वाटण्यांचे कागद लिहून देतो आहे. त्यातला सगळ्यात महाग कागद असा होता की ज्यावर रक्कम आकड्यातही होती आणि अक्षरातही.

गोष्ट लोकमान्य नगरातल्या एका काकांची. त्यांनी आपला प्लॉट विकायला काढला. भाव ठरला चौरस फुटाला ६,००० रुपये, आणि मोजणी नंतर करायची होती, म्हणून पहिल्या बयाना चिठ्ठीत एकूण रक्कम लिहिलीच नाही. पाच लाख बयाना झाला, पुढे वीस लाखांचा दुसरा हप्ता आला. मोजणी १,१४० चौरस फूट निघाली, म्हणजे एकूण ६८,४०,००० आणि पंचवीस लाख वजा जाता बाकी ४३,४०,०००. हा हिशेब दलालाने केला आणि मला फोनवर सांगितले, ‘बाकी तैंतालीस पॉइंट चार.’ मी चिठ्ठीवर ‘बाकी रु. ४३.४ लाख’ लिहिले आणि मग तेच बघून पुढे ‘अक्षरी त्रेचाळीस लाख चार हजार’.

दोघांनी सह्या केल्या. कोणीही वाचून पाहिले नाही, मीसुद्धा नाही.

रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी घेणारा काकांकडे चिठ्ठी घेऊन आला. ‘काका, कागदावर चार हजार आहे.’ काका म्हणाले, ‘अरे, चाळीस हजार ठरलेत, आकडा बघ ना!’ आता गंमत बघा. ४३,०४,००० बाकी धरली तर एकूण होते ६८,०४,०००, आणि त्याला ६,००० ने भागले तर येतात बरोबर १,१३४ चौरस फूट. मोजणीत सहा फुटांचा फरक पडला असे म्हणायला घेणाऱ्याला छान जागा मिळाली. छत्तीस हजारांचा वाद, शेवटी अठरा-अठरा हजारांवर मिटला. काकांनी पुढे माझ्याकडून कधी कागद लिहून घेतला नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

दोन साक्षीदार, एकाचीच जबानी

चूक पॉइंटची होती हे खरे, पण त्याहून मोठी चूक वेगळी होती. आकडा आणि अक्षरे हे दोन साक्षीदार असतात. मी दुसऱ्याची जबानी पहिल्याकडे बघून लिहून काढली. आकडा वाचण्यात माझी चूक झाली, तीच अक्षरात उतरली, आणि अक्षरे असूनही कसलीच तपासणी झाली नाही. उलट नुकसानच झाले, कारण आकडा बरोबर होता आणि अक्षरे चूक. दोन्हींत फरक पडला तर अक्षरांना मान द्यायचा, असा रिवाज आहे. चेक, हुंडी, वचनचिठ्ठी यांच्यासाठी तर तो कायदाच आहे: १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे कलम १८ सांगते की आकडे आणि अक्षरे जुळत नसतील तर अक्षरांत लिहिलेली रक्कम खरी. बयाना चिठ्ठी त्या कायद्यात बसत नाही, पण भांडणारा तोच रिवाज पुढे करतो. म्हणून आकड्यापेक्षा अक्षरांवर जास्त मेहनत घ्यायची.

‘नंतर साक्षीदार आणून खरे काय ठरले ते सांगता येईल’ या भरवशावरही राहू नका. १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ९३ चे उदाहरण मला पाठ आहे: एकाने घोडा ‘१,००० किंवा १,५०० रुपयांना’ विकण्याचा लेखी करार केला, तर नेमकी कोणती किंमत ठरली होती हे दाखवायला बाहेरचा पुरावा देता येत नाही. २०२३ च्या नव्या कायद्यातही हा नियम कायम आहे. कागदच दोन तोंडांनी बोलत असेल, तर तुमचे तोंड कोर्टात उपयोगी पडेलच असे नाही.

आता मी असे करतो. हिशेबाचा कागद एकाच्या हातात देतो. तो पूर्ण रुपयांत रक्कम वाचतो, ‘त्रेचाळीस लाख चाळीस हजार’, आणि मी आधी अक्षरेच लिहितो. आकड्याची जागा कोरी ठेवतो. मग हिशेबाचा कागद उलटा ठेवायला लावतो आणि दुसऱ्या कोणाला तरी, शक्यतो पैसे देणाऱ्यालाच, माझी अक्षरे वाचून आकडा लिहायला सांगतो. त्यानंतर कागद सुलटा करून जुळवायचे. दोन मिनिटे लागतात. लोक कंटाळतात, त्यांना कंटाळू द्यावे.

अक्षरांवरून आकडा काढताना स्वल्पविरामच कामाला येतात. उजवीकडून पहिले तीन अंक, त्यापुढे दोन-दोन. प्रत्येक घराचे एक नाव: कोटी, लाख, हजार, आणि शेवटच्या तिघांत शेकडा. ‘एक कोटी पाच लाख चारशे’ असे असेल तर कोटीच्या घरात १, लाखाच्या घरात ०५, हजाराच्या घरात ००, शेवटी ४००: १,०५,००,४००. लाखाच्या आणि हजाराच्या घरात दोन अंक बसतात, तेव्हा एकेरी संख्येपुढे शून्य आलेच पाहिजे. हजार हा शब्द उच्चारला नाही म्हणून ते घर गाळले की रक्कम शंभरपटीने उतरते, आणि हे मी हुशार माणसांकडून होताना पाहिले आहे. मोठी रक्कम असेल तर मी घरे पेन्सिलीने आखूनच घेतो.

पॉइंट आणि सव्वा-दीड

लाखाचा पॉइंट कागदावर येऊच देऊ नका. लाखाच्या पॉइंटनंतरचा पहिला अंक दहा हजारांचा, दुसरा एक हजाराचा; म्हणून ४३.४ म्हणजे चाळीस हजार आणि ४३.०४ म्हणजे चार हजार. कोटीचा पॉइंट आणखी घातक, तिथे पहिला अंक दहा लाखांचा असतो. बाजारात दलाल ‘एक पाच’ म्हणतात, तेव्हा एकाला एक कोटी पाच लाख ऐकू येते आणि दुसऱ्याला दीड कोटी. बोलताना चालवून घ्या, लगेच ‘म्हणजे एक कोटी किती लाख?’ असे विचारा, आणि लिहिताना पूर्ण रुपये लिहा.

सव्वा, दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द मला फार आवडतात, पण ते चहाच्या कपापर्यंतच ठेवावे. पावणेदोन लाख म्हणजे १,७५,०००, हे नव्या पिढीतल्या निम्म्यांना थांबून आठवावे लागते. शिवाय ‘लाख-सव्वा लाख’ म्हटले की ती रक्कमच राहत नाही, तो अंदाज होतो.

इंदूरची खास अडचण

आपण घरी मराठीत मोजतो, रजिस्ट्री हिंदीत होते. ‘कोटी’ आणि ‘करोड’ यांपैकी एका कागदावर एकच ठेवा. संख्यांच्या नावांची खिचडी तर मुळीच नको. हिंदीतले पैंतीस आणि सैंतीस फोनवर सारखेच ऐकू येतात; आपले पस्तीस आणि सदतीस तसे गोंधळत नाहीत. हिंदीतले उनासी म्हणजे ७९ आणि नवासी म्हणजे ८९, आणि आपल्या कानाला ते दोन्ही नव्वदीच्या आसपासचे वाटतात. उलट, ‘एकोणसत्तर’ ऐकून सत्तरीतला आकडा समजून ७९ लिहिणारा एक भाचा माझ्याच घरात आहे. म्हणून फोनवर रक्कम घेतली की प्रत्येक घर अंकाअंकाने परत सांगायचे: ‘तीन पाच लाख, शून्य सहा हजार’. हिंदी मसुदा आला तर मराठी चिठ्ठीवरून त्याची अक्षरे जुळवू नका, हिंदी अक्षरांवरून नव्याने आकडा काढा आणि तो जुळवा.

अंक देवनागरी लिहायचे की इंग्रजी? इथे छापील आहेत म्हणून देवनागरी चालतात. हाताने लिहिलेला १ घाईत ९ होतो, म्हणून कागदावर मी इंग्रजीच लिहितो. बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवायलाही ते सोपे जातात.

बाकीचे थोडक्यात

अक्षरी रकमेच्या आधी ‘अक्षरी रुपये’ आणि नंतर ‘फक्त’. दोन्हींना शब्द चिकटून, मध्ये काही घुसवायला जागा न ठेवता. आकड्यापुढे ‘/-’.

एकूण, दिलेले आणि बाकी, या तिन्ही रकमा एकाच कागदावर लिहा, बेरीज जुळते ते पाहा. भाव फुटाने असेल तर मोजणीचा आकडाही तिथेच. काकांच्या चिठ्ठीत ‘१,१४० चौरस फूट’ एवढे असते तर माझी अक्षरे चुकूनही वाद टिकला नसता.

हिशेब एक्सेलमध्ये असेल तर तिथले स्वल्पविराम बहुधा मिलियनचे असतात, ६८,४०,००० हे तिथे ६,८४०,००० दिसते आणि आपली घरे मोडतात. घरांसाठी हे फॉरमॅट द्या. ऋण रकमांना मात्र ते लागू होत नाही:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

परदेशातला पुतण्या ‘वन पॉइंट टू मिलियन’ म्हणाला तर ते बारा लाख. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक कोटी म्हणजे दहा मिलियन. मिलियन कागदावर येऊ देऊ नका.

चेकवर कलम १८ च्या जोरावर भांडू नका. कायदा काहीही म्हणो, आकडे-अक्षरे जुळत नसली की बँक चेक परत करते, आणि रकमेत खाडाखोड असलेला चेक हल्लीच्या क्लिअरिंगमध्ये सही करूनही चालत नाही. फाडा, नवा लिहा.

चिठ्ठीवर चूक झाली तर मात्र खोडता येते, पण एक अंक गिरवून दुसरा करायचा नाही. पूर्ण रक्कम, आकडे आणि अक्षरे दोन्ही, वाचता येतील अशी एका रेघेने खोडा, खाली दोन्ही नव्याने लिहा, आणि शेजारी देणारा, घेणारा आणि साक्षीदार अशा तिघांच्या सह्या तारखेसह घ्या. दुसरी प्रत असेल तर तिच्यावरही तेच, त्याच बैठकीत.