ओल्या रस्त्यावर गाडी पेस्ट करताय? या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. एका जुन्या गाड्या विकणाऱ्याने लाल हॅचबॅकचा फोटो पाठवला आणि म्हणाला की भाऊ, नागपूरच्या फुटाळा तलावाच्या बाजूच्या रस्त्यावर पाऊस पडून गेल्यासारखी उभी करून द्या, दसऱ्याच्या जाहिरातीला पाहिजे. माझ्याकडे जुलैमधला त्या बाजूचा एक फोटो होता, सकाळची वेळ, ढगाळ आभाळ, रस्ता चकचकीत ओला आणि पुढ्यात एक मोठं डबकं. फोटोशॉपमध्ये गाडी कापली, ठेवली, कॉपी उलटी करून खाली लावली, ऑपॅसिटी चाळीस केली, पाठवून दिली. दहा मिनिटांत उत्तर आलं, "भाऊ, गाडी उडून राहिली नं."

आणि खरंच उडून राहिली होती. मी दोनदा सावली गडद केली तरी उडतच होती, कारण गोम सावलीत नव्हतीच. ती कशात होती ते सांगतो, म्हणजे तुमचे तीन दिवस वाचतील.

आधीचं आभाळ तसंच ठेवणं

ही चूक जवळपास सगळेच करतात आणि कुणी सांगत नाही. ओला रस्ता चमकतो म्हणजे काय, तर तो आभाळ दाखवतो. तुम्ही तिथे गाडी आणून ठेवली की गाडीच्या खालच्या पट्ट्यात आता आभाळ दिसायलाच नको, कारण मधे गाडी आली ना. त्या जागी गाडीचं प्रतिबिंब येतं आणि आभाळाचं जातं. आपण काय करतो, आभाळाची पांढरी चमक तशीच ठेवतो आणि तिच्यावर गाडीचं प्रतिबिंब चढवतो, मग ते दुधात लाल रंग ओतल्यासारखं फिकट गुलाबी दिसतं आणि डोळ्याला कळतं की काहीतरी खोटं आहे, काय ते मात्र सांगता येत नाही.

म्हणून आधी काढायचं, मग लावायचं. बॅकग्राउंडच्या फोटोतच अशी जागा शोधा जिथे काहीतरी काळं प्रतिबिंबित होतंय, म्हणजे विजेचा खांब, झाडाचं खोड, कुणाची काळी छत्री. माझ्या फोटोत उजवीकडे एक कडुनिंब होता, त्याच्या खोडाचं प्रतिबिंब डबक्यात पडलं होतं. तिथे आयड्रॉपर लावला तर गडद मातकट करडा रंग निघाला. तो त्या पाण्याचा स्वतःचा रंग, आभाळ वजा करून उरलेला. डांबराच्या ओल्या भागासाठी असाच नमुना वेगळा घ्या, कारण डांबर आणि डबकं दोघांचा रंग सारखा नसतो.

आता गाडीचं प्रतिबिंब जिथे पडणार तेवढ्या आकाराचा मास्क करून Curves ने तो भाग त्या नमुन्याच्या रंगापर्यंत खाली उतरवा. इथे थांबून बघा. अजून प्रतिबिंब लावलेलंच नाही, तरी गाडी जमिनीवर बसल्यासारखी वाटायला लागते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मलाच हसू आलं, दोन दिवस ज्याला मी सावली समजून रंगवत होतो ती सावली नव्हतीच, आभाळ नसल्याचा काळोख होता. ढगाळ उजेडात खरी सावली फक्त गाडीच्या पोटाखाली आणि टायरला चिकटून असते, आणि साफ चमकत्या पाण्यावर तर ती दिसतही नाही. गढूळ पाण्यावर थोडी दिसते.

मग त्याच्यावर गाडीचं प्रतिबिंब Screen मोडमध्ये. किती ऑपॅसिटी, हा पुढचा घोळ. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर ते जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवतं, म्हणून पायाजवळच्या डबक्यात तळ दिसतो. नजर जितकी तिरपी तितकी चमक वाढते. मी उभा राहून दीड मीटर उंचीवरून फोटो काढला होता आणि गाडीचा पुढचा टायर साधारण ५ मीटरवर बसवला होता, त्या कोनात शांत पाणी १७ टक्क्यांच्या आसपास परत देतं, आणि ३ मीटरवर येईपर्यंत ते ७-८ टक्क्यांवर घसरतं. पण म्हणून स्लायडर १७ वर ठेवू नका! ते टक्के खऱ्या उजेडाचे आहेत, स्क्रीनवरचे आकडे त्या हिशोबाने चालत नाहीत. १७ टक्के उजेड म्हणजे फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलमध्ये साधारण ४५ ऑपॅसिटी, आणि साडेसात टक्के म्हणजे साधारण ३०. तर टायरपाशी ४५, कॅमेऱ्याकडे येता येता ३०, मधे ग्रेडियंट. हे डबक्याचं झालं, डांबरावर यापेक्षा कमी लागेल, ते नजरेने ठरवा.

उलटी कॉपी म्हणजे प्रतिबिंब, हा गैरसमज

प्रतिबिंबात तीच गाडी दिसते, पण ती दुसऱ्या जागेवरून पाहिलेली असते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटर वर असेल तर पाण्यातलं चित्र म्हणजे जमिनीच्या दीड मीटर खालून कुणीतरी वर पाहून राहिलं असं समजा. खालून पाहणाऱ्याला बॉनेटचा वरचा पत्रा दिसेल का? नाही दिसणार. टपही नाही. त्याला बंपरचा खालचा ओठ दिसेल, पोट दिसेल. आपल्या उलट्या कॉपीत मात्र बॉनेट ऐसपैस पसरलेलं असतं, आणि तिथेच फोटो पकडला जातो.

दुसरं म्हणजे टायर. गाडी सरळ बाजूने काढलेली असेल तर एकदा उलटवून चालून जातं. पण जाहिरातीतली गाडी नेहमी तिरकी उभी असते, मागचा टायर फ्रेममध्ये वर, पुढचा खाली. एकच कॉपी उलटवली तर पुढचा टायर टायरला मिळतो आणि मागच्याचं प्रतिबिंब पार लांब जाऊन पडतं. हीच ती उडणारी गाडी. जुगाड असा की उलट्या कॉपीचे दोन तुकडे करा, एक पुढचं तोंड, एक बाजू. बाजूच्या तुकड्याला Edit > Transform > Skew ने असं ओढा की दोन्ही टायर आपापल्या टायरला खालून टेकतील, मग तोंडाचा तुकडा तसाच जुळवा, बॉनेट आणि टप पुसून टाका, बंपरखाली काळा पट्टा रंगवा. डबक्याच्या बाहेर कोपरे थोडे चुकले तर चालतं, डबक्यात चालत नाही.

पण गाडी हाताशी असेल तर याहून भारी उपाय आहे आणि तो मला वॉशिंग सेंटरवर उभा असताना सुचला. गाडी रॅम्पवर चढवून वर उचलतात ना, तेव्हा आपण जमिनीवरून जे पाहतो ते थेट प्रतिबिंबाचंच दृश्य आहे! मूळ फोटो दीड मीटर उंचीवरून काढला असेल तर टायर दीड मीटर वर जाईपर्यंत रॅम्प उचलायला सांगा, फोन फरशीला टेकवून ठेवा, अंतर तेवढंच, गाडीचा कोन तोच, झूम तोच, आणि मूळ फोटोत फोन जितका खाली झुकवला होता तितकाच इथे वर झुकवा. हा फोटो उलटवून लावा, पोट, बंपर, टायर सगळं आपसूक जागेवर येतं. रॅम्पच्या पट्ट्या थोडं झाकतात, तेवढं भरून घ्यावं लागतं. रॅम्प पूर्ण दीड मीटर गेला नाही तरी उलट्या कॉपीपेक्षा बरंच. वॉशिंगवाला पोरगा मला विचारून राहिला होता, "दादा, खालून काऊन फोटो काढता, गाडी विकायची नाही का?"

सगळीकडे सारखाच ब्लर

ओलं डांबर म्हणजे आरसा नाही, त्याची खडी वर येते आणि प्रत्येक खड्याचा उतार वेगळा. तिरप्या नजरेने पाहिलं की या उतारांमुळे प्रतिबिंब आडवं कमी आणि उभं जास्त पसरतं. म्हणून रात्री सीताबर्डीच्या ओल्या रस्त्यावर दिव्यांच्या लांबच लांब उभ्या रेघा दिसतात, गोल डाग दिसत नाहीत. त्यामुळे Gaussian Blur मारून मोकळं होऊ नका. Motion Blur घ्या, अँगल ९०, आणि टायर जिथे टेकतो तिथे जवळपास शून्य, जसजसं टायरपासून दूर जाल तसतसं जास्त. मी दोन लेयर ठेवतो, एक कमी ब्लरचा आणि एक भरपूर, आणि मधे मास्कवर ग्रेडियंट. किती लांब पसरवायचं ते मनाने ठरवू नका, बॅकग्राउंडमध्ये एखादा दिवा किंवा पांढरी पाटी किती लांब पसरली आहे ते मोजा. डबक्यात मात्र हा ब्लर काढून टाका, तिथे चित्र लख्ख हवं, म्हणजे डबक्याची कड पार करताना प्रतिबिंब एकदम बदललं पाहिजे. ती कड मास्क करायला अर्धा तास जातो, जाऊ द्या.

काचेतून जुनाच गाव दिसणं

माझ्या पहिल्या फाइलमध्ये गाडी फुटाळ्याला उभी होती आणि तिच्या खिडकीतून डीलरच्या यार्डाचं पत्र्याचं शेड दिसत होतं. काच हा वेगळा लेयर समजा. काचेचा भाग कापून बाहेर काढा, सीट आणि स्टिअरिंग ठेवा, पलीकडचं सगळं पुसा म्हणजे नवं बॅकग्राउंड दिसेल. आता ते जसंच्या तसं उजळ ठेवलं तर काच नाहीच असं वाटतं. आपल्याकडे नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून निदान ५० टक्के उजेड आरपार जायला हवा, काळ्या फिल्मवर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी घातली होती. आणि आपण एका खिडकीतून पाहून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघतो, म्हणजे काचा दोन. बाजूची काच नियमाच्या काठावरची असेल तर अर्ध्याचा अर्धा, २५ टक्के. पुन्हा तोच स्लायडरचा खेळ, २५ टक्के उजेड म्हणजे काळ्या लेयरची ऑपॅसिटी ७५ नाही, साधारण ४५. बऱ्याच गाड्यांची काच याहून मोकळी असते, म्हणून ४५ ही शेवटची हद्द धरा आणि तिथून कमी करत या. वरून नव्या जागेच्या आभाळाचा आणि झाडांचा एक तुकडा Screen मध्ये हलका चढवा, समोरची काच तिरपी असते म्हणून ती आभाळ जास्त दाखवते, बाजूची काच समोरची झाडं.

हे सगळं करून पाठवलं तर डीलर म्हणाला, गाडी आता टेकली, पण पावसात उभी असून कोरडी कशी? बरोबर होतं त्याचं. बॉडीवर एक थेंब नव्हता आणि टायर धुळीने पांढरे होते. टायरचा खालचा भाग मी काळा केला, थेंब मात्र रंगवून जमले नाहीत. शेवटी त्याच्या यार्डात जाऊन फवारणीच्या पंपाने गाडी भिजवली आणि त्याच कोनातून पुन्हा फोटो काढला.