बँकेत आलेली रक्कम म्हणजे विक्री नव्हे

नाशिकच्या भांडी बाजारातून पितळी समया घेऊन ऑनलाइन विकणारे बरेच जण बँकेत जमा झालेली रक्कमच विक्री म्हणून लिहितात. तसं करू नका. प्लॅटफॉर्म जीएसटी खात्याला कळवतो तो विक्रीचा आकडा असतो, तुमच्या हाती आलेला नव्हे. मग विवरणपत्राशी मेळ बसत नाही.

समजा, जीएसटीसह ९०० रुपयांच्या १० समया विकल्या. ‘प्लॅटफॉर्मकडून येणे’ असं खातं उघडून त्यात ९,००० नावे टाका. एक परत आली, ९०० जमा. नऊ समयांवर कमिशन ८१०, दहा पार्सलांचं शिपिंग ६००, परतीचं ९०, म्हणजे १,५०० खर्च. त्यावर १८ टक्के जीएसटी २७०, तो वेगळा लिहा. नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट सहसा मिळतं. टीसीएस, टीडीएस इथे सोडलेत. तेही कापले जातात, पण खर्चात धरू नका, ती परत मिळवता येणारी रक्कम आहे.

बँकेत ६,३३० आले की खातं शून्य होतं. नाही झालं, तर ऑर्डर क्रमांकानुसार सेटलमेंट रिपोर्ट लावून बघा. बहुतेक वेळा पैसे पुढच्या हप्त्यात असतात, किंवा परतीचे पैसे कापलेत आणि समई मात्र दुकानात पोचलेलीच नसते. दाव्याची मुदत असते, म्हणून हे दर आठवड्याला बघा.