हेडसेटचा माइक एकाच फोनवर चालतो? आधी या चुका टाळा

गिरगावातल्या आमच्या शेजारच्या काकूंचा हेडसेट काकांच्या जुन्या फोनवर अगदी ठणठणीत चालायचा. त्यांच्या स्वतःच्या नव्या फोनला लावला की गाणं ऐकू यायचं, पण पोकळ, लांबून आल्यासारखं. फोनवर बोलताना लेक म्हणायची, "आई, तू विहिरीतून बोलतेयस का?" दुकानदाराने निदान केलं की फोनचा जॅक गेलाय, बोर्ड बदलावा लागेल. इथेच पहिली चूक होते: जुन्या फोनवर चालतोय म्हणजे हेडसेट चांगला, आणि म्हणून नवा फोन बिघडलेला.

प्रत्यक्षात दोन्ही धडधाकट असू शकतात. आधी पिन नीट बघा. दोन काळे पट्टे असतील तर ती टीआरएस: टोक, एक कडी आणि बुंधा, असे तीनच संपर्क. हेडफोनमध्ये डावा आवाज, उजवा आवाज आणि ग्राउंड, म्हणजे दोन्हींची परतीची तार, एवढ्यातच ती संपते, वेगळ्या माइकला जागाच नाही. अशी पिन फोनमध्ये घातली की तिचा लांब बुंधा फोनचे ग्राउंड आणि माइक हे दोन्ही संपर्क एकत्र जोडतो. फोन समजतो, हा नुसता हेडफोन, आणि स्वतःचाच माइक चालू ठेवतो. कॅमेऱ्यासाठी असलेला कॉलरचा माइक बऱ्याचदा याच पिनचा असतो. तो थेट फोनला लावून रेकॉर्डिंग केलं तर आवाज फोनच्या माइकचाच येतो, आणि हे घरी येऊन ऐकल्यावर कळतं.

तीन पट्टे असतील तर ती टीआरआरएस, म्हणजे चार संपर्क. काकूंच्या हेडसेटला तीनच पट्टे होते. मग अडलं कुठे?

पट्टे मोजून थांबू नका

चार संपर्कांची जोडणी दोन पद्धतींनी होते. टोकावर डावा आणि पहिल्या कडीवर उजवा आवाज, हे दोन्हींत सारखं. फरक पुढच्या दोघांत आहे. सीटीआयए पद्धतीत दुसरी कडी ग्राउंड आणि बुंधा माइक. ओएमटीपीमध्ये नेमकं उलट. आजचे जॅक असलेले बहुतेक फोन सीटीआयएचे आहेत, जुने अनेक नोकिया ओएमटीपीचे होते. बाहेरून दोन्ही पिना हुबेहूब सारख्या दिसतात, हीच खरी पंचाईत. काही फोनमध्ये पिनची जोडणी ओळखून ग्राउंड आणि माइक आपोआप बदलणारी चिप असते. तसा फोन दोन्ही प्रकार चालवून घेतो आणि आपला गैरसमज आणखी पक्का होतो.

जोडणी उलटी असली की दोन्ही कानांच्या स्पीकरची परतीची तार ग्राउंडला पोचत नाही. मग डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखा असतो, त्यामुळे तोच गायब होतो आणि मागची वाद्यं राहतात. फोनला माइकही सापडत नाही, म्हणून पर्समध्ये ठेवलेला तो फोन स्वतःच्याच माइकवर बोलणं ऐकतो. लेकीची ती विहीर म्हणजे काकूंची पर्स!

बटण दाबून बघा

एखादं गाणं लावा आणि हेडसेटच्या तारेवरचं बटण दाबून धरा. गायकाचा आवाज परत आला आणि सोडल्यावर पुन्हा गेला, तर जोडणी उलटी असण्याची दाट शक्यता आहे. बटण माइक आणि ग्राउंड एकमेकांना जोडतं, म्हणून परतीची वाट तात्पुरती मोकळी होते. काकूंकडे हे जसंच्या तसं घडलं.

मल्टिमीटर असेल तर पिन फोनमधून काढून रेझिस्टन्स मोजा. टोक आणि दुसरी कडी यांच्यात साधारण १६ ते ३२ ओहम आले, तर सीटीआयए. तेवढेच ओहम टोक आणि बुंध्यात आले, आणि दुसऱ्या कडीशी मोजल्यावर आकडा कितीतरी मोठा आला, तर ओएमटीपी. काकूंचा हेडसेट ओएमटीपी निघाला.

मोजण्याआधी फोनचं जाड कव्हर मात्र काढून बघा. पिन अर्धवट बसली तरी अशीच लक्षणं दिसतात. जॅकमध्ये खिशातला कापूस साचला असेल तरीही तेच. पावसाळ्यात जॅकमध्ये ओल गेली तर उलटा प्रकार होतो: काहीच न लावता फोन हेडफोनचं चिन्ह दाखवत राहतो.

चुकीचा अडॅप्टर घेऊ नका

लॅमिंग्टन रोडवर नुसतं "माइकचा कनेक्टर द्या" म्हणालात तर बहुधा वाय-स्प्लिटर हातात पडेल. तो माइक आणि हेडफोनचे वेगळे जॅक असलेल्या कॉम्प्युटरसाठी असतो, ग्राउंड आणि माइकची अदलाबदल तो करत नाही. आपल्याला हवी ती ओएमटीपीवरून सीटीआयए करणारी छोटी वायर. तिच्या एका टोकाला पिन, दुसऱ्याला जॅक. दुकानातच लावून, बटण न दाबता गायक ऐकू येतो का बघा आणि एक कॉल करून माइकवर हलकी टिचकी मारा. पलीकडे टकटक ऐकू आली की पैसे द्या. आणि हो, काकांच्या जुन्या फोनला हेडसेट लावताना ती वायर काढायची, नाहीतर तिथे तोच पोकळ आवाज सुरू होईल.