शिबिरातल्या मुलांचे फोटो: अर्जापासून ग्रुपवर टाकेपर्यंत

मे महिन्यात फोंड्याला बालनाट्य शिबिर घ्यायचं असेल, तर अर्ज छापायला देण्याआधीच फोटोंचं ठरवा. ‘फोटो काढण्यास संमती आहे’ ही एकच ओळ पुरत नाही. फोटो संस्थेच्या नोंदीसाठी काढावा का, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा का, फेसबुकवर किंवा वर्तमानपत्रात द्यावा का, असे तीन प्रश्न वेगळे विचारा. व्हिडिओसाठी हेच पुन्हा विचारा, कारण त्यात आवाजही येतो आणि कोणी हाक मारली तर नावही. कोरा रकाना म्हणजे ‘नाही’. नकार दिला तरी प्रवेश मिळेल, हे अर्जावरच लिहा. नाहीतर पालक भिडेखातर टिक करतात.

सही कोणाची चालेल, हे नोंदणीला बसणाऱ्याला आधी समजावून ठेवा. आपल्याकडे बाबा बोटीवर, आई ड्युटीवर आणि मुलाला घेऊन आलेत आजोबा, असं हमखास होतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती लागते. आजोबांकडून अर्ज जरूर घ्या, पण संमतीचं पान आईला मोबाइलवर पाठवा. तिचं उत्तर येईपर्यंत मूल ‘नाही’च्या यादीत.

ही यादी फोटोग्राफरच्या हातात पहिल्याच सकाळी पडली पाहिजे. समजा, 40 मुलांत तिघांचा नकार आहे आणि त्यातलाच एक समारोपाच्या नाटकात राजा झालाय. त्याची भूमिका मुळीच बदलू नका. राजाचे प्रवेश चित्रित करू नका आणि त्या नाटकाचं लाइव्ह प्रक्षेपण ठेवू नका, कारण लाइव्हमध्ये कापाकापी करता येत नाही. समूहफोटोच्या वेळी तिघांना ‘तुम्ही बाजूला व्हा’ म्हणणं मला फार क्रूर वाटतं. त्यापेक्षा बाहेर द्यायचे फोटो सरावाच्या वेळी, छोट्या गटांचे काढा. त्या वेळी ते तिघे दुसऱ्या गटात असतील असं वेळापत्रकच बसवा.

पाठवण्याआधी फोटो न काढलेल्या कोणीतरी प्रत्येक फोटो यादीशी ताडून बघावा, मागच्या रांगेसकट. चेहरा पुसट केला तरी शाळेचा गणवेश किंवा छातीवरची नावाची पट्टी ओळख सांगतेच. असा फोटो सरळ वगळा. फोटोखाली मुलांची पूर्ण नावं देऊ नका.

नंतर एखाद्या आईने होकार मागे घेतला, तर कारण न विचारता फोटो त्याच दिवशी काढून टाका आणि यादी सुधारा. ग्रुपवरून इतरांच्या मोबाइलमध्ये उतरलेल्या प्रती मात्र आपल्या हातात राहत नाहीत. हे अर्जावर आधीच स्पष्ट लिहा. पुढच्या वर्षीच्या पोस्टरला यंदाचा फोटो वापरायचा असेल, तर पालकांना पुन्हा विचारा.