भावाचा पहिला पगार आला? अभिनंदन करताना या चुका टाळा

माझा मामेभाऊ १२ जूनला बुटीबोरीच्या एमआयडीसीत कामाला लागला. ७ जुलैला त्याच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला आणि मामीनं तिकडून फोन केला, "पोट्ट्याचा पगार आला व!" मी तडक घरच्या ग्रुपवर लिहिलं, "अभिनंदन! किती आला?"

दोन तास उत्तर नाही. मग नुसता एक अंगठा.

चूक त्या "किती"मध्ये होती. पगार १८ हजार ठरलेला, आणि मामानं तेवढाच आकडा अख्ख्या गावाला सांगून ठेवलेला. पण पोरगं बाराव्या तारखेला लागलं, म्हणजे जूनचे भरले १९ दिवस. १८ हजार भागिले ३०, गुणिले १९, झाले ११,४००. त्यातून मूळ पगारावरचा १२ टक्के पीएफ, ईएसआय आणि २०० रुपये व्यवसाय कर कापला गेला. हातात आले दहा हजार तीनशे नि वर काही. आता हा आकडा बारा नातेवाइकांसमोर लिहायचा, की १८ म्हणून खोटं बोलायचं? बिचाऱ्यानं अंगठा दिला.

पहिला पगार बहुतेकांचा असा अर्धामुर्धाच येतो. काही ठिकाणी हजेरी २० किंवा २५ तारखेला बंद होते, नंतरचे दिवस पुढच्या महिन्यात जातात. म्हणून आकडा विचारूच नका, त्याला सांगायचा असेल तर तो आपणहून सांगेल. माझ्यासारखं विचारून बसला असाल, तर ग्रुपवर सारवासारव करू नका, तिथं माफीसुद्धा आकड्याकडेच बोट दाखवते. सरळ फोन लावा. मी लावला आणि म्हटलं, "मले पहिल्या महिन्यात नऊ दिवसाचाच भेटला होता बावा, मी तर घरी पावतीच दाखवली नाही." पोरगं खळखळून हसलं, आणि पुढच्या मिनिटाला आकडा त्यानंच सांगितला.

दुसरी चूक आमच्या मोठ्या काकांची. "शाब्बास! पण आता आरडी उघड, पैसा उडवू नको." त्यांची माया खरी आहे, पण पोराला शाब्बासकी ऐकूच गेली नाही. यावर माझी साधी युक्ती अशी: मेसेज पाठवण्याआधी त्यातला "पण" किंवा "आता" शोधायचा आणि तिथून पुढचं सगळं खोडायचं. "शाब्बास!" एवढंच उरलं तर ते फारच उघडं दिसतं, मग तिथं त्याची एखादी आठवण घालायची. काय करावं हे सांगायची उबळ आलीच, तर पाणी प्या.

आठवण मात्र नेमकी हवी. "तू लय मेहनती" हे कोणालाही चालतं, म्हणून कोणालाच लागत नाही. मी दुसऱ्यांदा लिहिलं ते हे:

"काय बे पोट्ट्या! तूर सोंगायच्या दिवशी बरोबर तुह्या पोटात दुखे अन् तू खाटेवर पडून राहे. आता म्हणते सहाच्या बसनं ड्युटीले जाते! मामाच्या घरात कापूस इकला तवाच पैसा दिसे. महिन्याच्या महिन्याले पैसा आणणारा तूच पयला. मामा डवरा धरून सगळ्या शिवाराले सांगत फिरून रायला."

चिडवणं आधी, अभिमान नंतर. उलटा क्रम केला की कौतुक करून टोमणा मारल्यासारखं वाटतं. आणि चिडवायचं ते लहानपणच्या आळसावरून, खोडीवरून. नापास झालेल्या विषयावरून किंवा दोन वर्षं घरी बसला त्यावरून नाही. ती जखम अजून ओली असते. "अमक्याचा पोरगा पुण्याले पंचवीस घेते" हे तर तोंडातून निघालंच नाही पाहिजे.

राहिली पार्टी. मागा, जरूर मागा, न मागितल्याचं पोराला वाईट वाटतं. फक्त मागणी खिशात मावेल अशी ठेवा. सावजी मटणाचं नाव काढलंत की पोरगं मनातल्या मनात माणसं मोजायला लागतं. मी लिहिलं, "आलूबोंडा पायजे, तर्री वेगळी बांधून." असली फालतू मागणी तो ऐटीत पुरी करू शकतो, आणि ती ऐट पाहण्यातच आपली मजा.

रविवारी तो आला. कागदात अकरा आलूबोंडे, तर्रीची पिशवी वेगळी. घरात माणसं बारा. माझ्याकडे बघून म्हणाला, "ग्रुपवर 'किती' विचारलं, त्याचा तुले दंड."